पंधरापैकी बारा

सिरॉसिसच्या रुग्णाच्या फाइलवर बहुधा पहिल्याच पानावर, निदानाच्या ओळीखाली, डॉक्टरांनी घाईघाईत खरडलेलं असतं : ‘सीटीपी १२, क्लास सी’. बाजूला कधी ‘मेल्ड १७’ असाही एक आकडा असतो. घरचे लोक ते वाचतात आणि आपापल्या परीनं अर्थ लावतात. पंधरापैकी बारा म्हणजे बरेच गुण झाले, असं वाटणारेही भेटतात. प्रत्यक्षात हे गुणपत्रक उलटं आहे. इथे जितके गुण जास्त, तितकं यकृत थकलेलं.

आणखी एक घोळ खालच्या टोकाला होतो. या पद्धतीत पाच गोष्टी तपासतात आणि प्रत्येकीला कमीत कमी १ गुण द्यावाच लागतो. त्यामुळे ठणठणीत माणसालाही ५ गुण पडतात. ‘पाच’ म्हणजे एक तृतीयांश यकृत गेलं, असं नाही. उलट सिरॉसिस असूनही गुण ५ असतील, तर यकृत चिवट झालेलं असलं तरी अजून आपलं काम ओढतंय, एवढाच त्याचा अर्थ. सिरॉसिस आहे की नाही हे हा आकडा सांगतच नाही. ते आधी सोनोग्राफी, फायब्रोस्कॅन, एंडोस्कोपी किंवा बायोप्सीवरून ठरलेलं असतं. आकडा त्यापुढचा प्रश्न विचारतो : आहे, पण किती आहे?

हा प्रश्न पहिल्यांदा नेटानं विचारला तो शल्यविशारदांनी. सिरॉसिसमध्ये यकृत आतून जाड, गाठीगाठींचं होतं आणि आतड्यांकडून येणारं रक्त त्यातून सहज जाईनासं होतं. मागे दाब वाढतो, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि एखाद्या दिवशी फुटून रक्ताची उलटी होते. १९६०च्या सुमारास यावर मोठा उपाय होता शस्त्रक्रियेचा. यकृताकडे जाणारी मोठी शीर दुसऱ्या शिरेला जोडून रक्ताला आडवाट करून द्यायची. दाब उतरायचा, पण अनेक रुग्ण त्या शस्त्रक्रियेनंतर यकृत बंद पडून दगावायचे. मग टेबलावर कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही? अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले चार्ल्स गार्डनर चाइल्ड आणि जेरेमाया टर्कॉट यांनी १९६४ साली रुग्णांचे ए, बी आणि सी असे तीन गट पाडले. त्यांचे निकष पाच होते : बिलिरुबिन, अल्ब्युमिन, पोटातलं पाणी, मेंदूवरचा परिणाम आणि रुग्णाचं पोषण. यातले कट-ऑफ कुठल्या गणितातून आलेले नव्हते. ते अनुभवातून बसवलेले होते.

‘पोषण’ हा निकष मात्र फारच डोळ्यांच्या अंदाजावरचा होता. १९७३ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या प्यू आणि सहकाऱ्यांनी, अन्ननलिकेच्या शिरांमधून रक्तस्राव झालेल्या अवघ्या ३८ रुग्णांच्या शस्त्रक्रियांचा अभ्यास करताना, पोषण काढून तिथे रक्त गोठायला लागणारा वेळ घातला आणि प्रत्येक निकषाला १ ते ३ गुण दिले. तीच आजची चाइल्ड-प्यू किंवा चाइल्ड-टर्कॉट-प्यू पद्धत, फाइलवरची ‘सीटीपी’. इतक्या साध्या पायावर उभी राहिलेली गोष्ट पन्नास वर्षं टिकली, याचं कारण तिनं निवडलेल्या पाच खुणांमध्ये आहे.

या खुणा एका रुग्णावरच पाहू. रुग्ण काल्पनिक आहे, पण असे रुग्ण कुठल्याही यकृताच्या ओपीडीत बसलेले दिसतील. वय ५२, साताऱ्याकडचे, बरीच वर्षं रोजची दारू. त्यांना आपण नाना म्हणू. नाना दवाखान्यात आलेत ते यकृतासाठी नव्हे, बेंबीच्या हर्नियासाठी. पोट वाढत गेलं तशी बेंबी बाहेर आली, ती दुखते, आणि ‘एवढं ऑपरेशन करून टाका’ असा त्यांचा आग्रह आहे. सर्जननं पोटावर हात ठेवला, डोळ्यांत पाहिलं आणि रक्त तपासायला पाठवलं.

रिपोर्टमध्ये बिलिरुबिन २.६ आलं. जुन्या लाल पेशी मोडल्या की बिलिरुबिन तयार होतं आणि ते पित्तातून बाहेर टाकणं हे यकृताचं काम. ते साचलं की डोळे पिवळे होतात. २ मिलिग्रॅमच्या आत असेल तर १ गुण, २ ते ३ मध्ये २, त्याच्या वर ३. नानांना २ गुण.

अल्ब्युमिन आलं २.६ ग्रॅम. हे प्रथिन फक्त यकृतात बनतं आणि रक्तातलं पाणी शिरांमध्ये धरून ठेवायला मदत करतं. साडेतीनच्या वर १ गुण, २.८ ते ३.५ मध्ये २, त्याखाली ३. नानांना ३.

रक्त गोठण्याचा वेळ ‘आयएनआर’ या गुणोत्तरात सांगतात. निरोगी माणसात तो १ च्या आसपास असतो. १.७ च्या खाली १ गुण, १.७ ते २.३ मध्ये २, त्याच्या वर ३. नानांचा १.८, म्हणजे २ गुण. अल्ब्युमिन आणि आयएनआर या दोन्हींमध्ये यकृत प्रथिनं बनवतंय का हेच पाहिलं जातं, मग दोन्ही कशाला हवेत? कारण त्यांचा काळ वेगळा आहे. अल्ब्युमिनचं अर्धं आयुष्य साधारण वीस दिवसांचं, तर रक्त गोठवणाऱ्या सातव्या घटकाचं काही तासांचं. यकृत आज अचानक ढासळलं तर आयएनआर एक-दोन दिवसांत वर जातो. अल्ब्युमिन मात्र गेल्या काही आठवड्यांची कहाणी सांगतं. नानांचे दोन्ही बिघडलेत, म्हणजे हे दुखणं कालचं नाही.

चौथी खूण पोटातलं पाणी, जलोदर. पाणी नसेल तर १, थोडं असेल किंवा औषधांनी आटोक्यात असेल तर २, बरंच असेल तर ३. नानांचं पोट ताणलेलं, कुशीवर वळवलं की बोटांनी वाजवल्यावर येणारा बद्द आवाज जागा बदलतो. गुण ३.

पाचवी खूण सगळ्यांत नाजूक. आतड्यांतून येणारा अमोनिया आणि इतर विषारी द्रव्यं यकृतानं गाळली नाहीत तर ती मेंदूपर्यंत जातात. याची सुरुवात बेशुद्धीनं होत नाही. झोप उलटते : रात्री टक्क जाग, दिवसा पेंग. माणूस चिडचिडा होतो, सुट्टे पैसे मोजताना चुकतो, सहीची वळणं बिघडतात. पुढे वार-तारीख गोंधळते आणि हात पुढे ताणून पंजे मागे वळवायला सांगितले की ते पंख फडफडावेत तसे खाली पडत राहतात. त्याच्या पुढच्या पायरीवर गुंगी, आणि शेवटी कोमा. काहीच नसेल तर १ गुण, पहिल्या दोन पायऱ्यांना २, पुढच्या दोहोंना ३. नाना डॉक्टरांशी नीट बोलले. सगळं व्यवस्थित आहे म्हणाले. ‘गेले पंधरा दिवस रात्रभर घरात फिरतात, आणि दूधवाल्याला दोनदा पैसे दिले,’ हे त्यांच्या बायकोनं सांगितलं तेव्हा कुठे इथे २ गुण पडले.

बेरीज १२. पाच-सहा गुण म्हणजे ए, सात ते नऊ बी, दहाच्या पुढे सी. नाना सी गटात.

आता या सीचा अर्थ काय? सर्जनच्या दृष्टीनं अगदी ठोस. सिरॉसिस असलेल्या रुग्णांच्या पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांचे जे जुने अभ्यास आहेत, त्यांत ए गटात शंभरातले साधारण १०, बी गटात ३० आणि सी गटात पंचाहत्तर ते ऐंशी रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दगावले. भूलशास्त्र आणि अतिदक्षता विभाग सुधारल्यावर हे आकडे खाली आले असले, तरी तिन्ही गटांमधलं अंतर राहिलेलं आहे. म्हणून हर्निया अडकला, वरची कातडी फाटली अशी आणीबाणी नसेल, तर शहाणा सर्जन नानांना आज टेबलावर घेणार नाही. आधी पाणी आटोक्यात आणा, मग पाहू, असं सांगेल. शस्त्रक्रिया बाजूला ठेवली तरी गट आयुष्याचा अंदाज देतो. नेहमी दिले जाणारे ढोबळ आकडे असे की वर्षभरानं ए गटातले जवळपास सगळे, बी गटातले शंभरातले ८० आणि सी गटातले ४५ जण हयात असतात.

या पंचेचाळीसच्या आकड्यावर थोडं थांबायला हवं, कारण घरातल्यांची झोप उडते ती यामुळे. हा आकडा गटाचा आहे, नानांचा नाही. नाना पंचेचाळिसांत असतील की पंचावन्नांत, हे बारा या आकड्याला माहीत नसतं. शिवाय त्या गटात दारू चालू ठेवलेले आणि सोडलेले, उपचार घेणारे आणि न घेणारे सगळे एकत्र मोजलेले असतात. आणि मुख्य म्हणजे नानांचा बारा हा त्या दिवसाचा आकडा आहे. तो बदलतो.

समजा, नानांनी दारू त्या दिवसापासून पूर्ण सोडली. मीठ कमी केलं, स्पायरोनोलॅक्टोन आणि फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या, दिवसाला दोन-तीन वेळा पातळसर शौचाला होईल इतकं लॅक्टुलोज सिरप सुरू झालं. तीन महिन्यांनी बिलिरुबिन १.६, अल्ब्युमिन ३.०, आयएनआर १.५. पोटात थोडं पाणी, पण गोळ्यांवर आटोक्यात. डोकं साफ, पण सिरप चालू असल्यामुळे त्या खणात २ गुणच धरायचे. बेरीज करा : १, २, १, २, २. आठ. नाना सीमधून बीमध्ये आले. दारूमुळे झालेल्या सिरॉसिसमध्ये हे खरोखर घडतं. सगळ्यांच्या बाबतीत घडत नाही, पण दारू सुटल्यावर तीन ते सहा महिने थांबून पुन्हा मोजायचं, ही म्हणूनच रीत आहे. बी किंवा सी विषाणूची कावीळ मुळाशी असेल तर त्यावरच्या औषधांनीही गुण उतरू शकतात.

उलट बाजूनं आकडा फसवतोही, आणि ते कुठे फसवतो हे ठाऊक असलेलं बरं. पोटातून पाच लिटरहून अधिक पाणी काढलं की शिरेतून अल्ब्युमिनच्या बाटल्या द्याव्या लागतात. काढलेल्या प्रत्येक लिटरमागे साधारण ८ ग्रॅम. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर अल्ब्युमिन वाढलेलं दिसणारच. ते बाटलीतलं आहे, यकृतानं बनवलेलं नाही. प्लाझ्मा दिल्यावर सुधारलेल्या आयएनआरचंही तेच. याच्या उलट, हृदयाच्या झडपेसाठी वॉरफरिन घेणाऱ्याचा आयएनआर औषधामुळेच वाढलेला असतो. काविळीत पित्त आतड्यात नीट उतरलं नाही की के जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि आयएनआर वाढतो. अशा वेळी के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देऊन एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासतात. आकडा खाली आला तर दोष जीवनसत्त्वाचा होता, यकृताचा नव्हे. गिल्बर्ट सिंड्रोम नावाच्या निरुपद्रवी प्रकारात बिलिरुबिन जन्मभर थोडं वाढलेलंच राहतं. मूत्रपिंडातून प्रथिनं गळत असतील तर यकृताचा दोष नसताना अल्ब्युमिन घसरतं. थोडक्यात, प्रत्येक आकड्यामागे यकृतच आहे ना, हे डॉक्टरांना एकेक करून तपासावं लागतं. फोनवरच्या कॅल्क्युलेटरला हे कळत नाही.

आयएनआरबद्दल एक गैरसमज तर डॉक्टरांमध्येही भेटतो. तो वाढला म्हणजे रक्त हमखास वाहणार, असं सिरॉसिसमध्ये नसतं. यकृत गोठवणारी द्रव्यं कमी बनवतं, तशीच गोठणं रोखणारीही कमी बनवतं, आणि दोहोंत एक डळमळीत तोल राहतो. आयएनआर फक्त पहिली बाजू मोजतो. यकृताची ताकद पाहायला तो उत्तम, रक्तस्रावाचं भाकीत करायला कच्चा. नुसता रिपोर्ट सुंदर दिसावा म्हणून पोटातलं पाणी काढण्याआधी प्लाझ्माच्या पिशव्या चढवण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही.

चाइल्ड-प्यूची खरी मर्यादा मात्र वेगळ्याच ठिकाणी उघडी पडली. बिलिरुबिन ३.१ असो की ३०, गुण तीनच. पोटात ‘थोडं’ पाणी की ‘बरंच’, हे दोन डॉक्टर दोन तऱ्हेनं ठरवू शकतात. आणि मूत्रपिंडाचा यात विचारच नाही, जरी सिरॉसिसच्या शेवटच्या टप्प्यात मूत्रपिंड बसायला लागलं की जीवाचा धोका एकदम वाढतो. एका रुग्णावर उपचार करताना हे चालून जातं. पण यकृत एक आणि वाट पाहणारे शंभर, असं झालं की चालत नाही. अमेरिकेत यकृत प्रत्यारोपणाच्या यादीत नेमकं हेच झालं. एकाच वर्गात ढीगभर रुग्ण, आणि मग नंबर लागायचा तो कोण जास्त दिवस यादीत आहे यावर. लवकर नाव घातलेला बरा माणूस पुढे आणि उशिरा आलेला अत्यवस्थ मागे.

उपाय आला तोही एका वेगळ्याच कामासाठी केलेल्या गणितातून. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००० साली, यकृतातला दाब उतरवण्यासाठी आतून नळी बसवलेल्या रुग्णांपैकी तीन महिन्यांत कोण दगावेल, याचं सूत्र तयार केलं. पुढच्याच वर्षी पॅट्रिक कामत आणि सहकाऱ्यांनी ते एकूण सिरॉसिसच्या रुग्णांनाही लागू पडतं, हे दाखवलं. हेच ‘मेल्ड’. त्यात बिलिरुबिन, आयएनआर आणि मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन एवढे तीनच आकडे. कोणाच्या मताला वाव नाही. सूत्र लॉगरिदमवर चालतं, म्हणजे बिलिरुबिन १ वरून २ वर गेलं काय आणि १० वरून २० वर गेलं काय, भर सारखीच पडते. उत्तर ६ ते ४० मध्ये येतं. रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांमध्ये तीन महिन्यांत दगावण्याचं प्रमाण १० ते १९ गुणांना शंभरात सहाच्या आसपास, २० ते २९ ला वीस, तर ३० ते ३९ ला पन्नासहून अधिक आढळलं. फेब्रुवारी २००२ पासून अमेरिकेतली यादी या क्रमानं लावली जाऊ लागली.

नानांच्या पहिल्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.० होतं. त्यांचा मेल्ड येतो १७. आता समजा, त्याच आठवड्यात कंबरदुखीसाठी त्यांनी मेडिकलमधून आणून चार दिवस डायक्लोफिनॅक घेतलं. सिरॉसिसमध्ये मूत्रपिंडाकडचा रक्तप्रवाह आधीच तोलावर असतो आणि अशा गोळ्या तो तोडतात. क्रिएटिनिन २.२ झालं. बाकी सगळं तेच. मेल्ड एकदम २४. चाइल्ड-प्यू मात्र जिथल्या तिथे, बारा! हा फरक मला या दोन पद्धतींमधला सगळ्यांत बोलका वाटतो. एक पद्धत माणसाची अवस्था सांगते, दुसरी पुढच्या तीन महिन्यांतली निकड.

मेल्डही निर्दोष नव्हता. रक्तातलं सोडियम घसरलेले रुग्ण त्याच्या अंदाजापेक्षा लवकर जायचे, म्हणून २०१६ मध्ये यादीसाठी सोडियम मिळवलं गेलं. दुसरा दोष अधिक चुटपुट लावणारा. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. बायकांचे स्नायू कमी, त्यामुळे मूत्रपिंड तितकंच बिघडलेलं असूनही त्यांचं क्रिएटिनिन कमी दिसायचं आणि यादीत त्या मागे राहायच्या. २०२३ मध्ये आलेल्या ‘मेल्ड ३.०’ मध्ये स्त्रियांना थोडे जादा गुण दिले गेले आणि अल्ब्युमिनही परत आलं. म्हणजे गणित सुरू झाल्यापासून दोन दशकं ती त्रुटी यादीत मुरलेली होती. रोडावलेल्या, हातापायांच्या काड्या झालेल्या पुरुष रुग्णांनाही तोच तोटा होतो.

आपल्याकडे यकृत प्रत्यारोपण बहुतेक वेळा जवळच्या नातेवाइकाच्या यकृताचा भाग घेऊन होतं. त्यामुळे मेल्डचा उपयोग रांगेपेक्षा ‘आता वेळ झाली का?’ हे ठरवायला जास्त. मेल्ड १५ च्या खाली असताना प्रत्यारोपण केल्यास शस्त्रक्रियेचा धोका आजाराच्या धोक्याहून मोठा ठरू शकतो. १५ च्या पुढे पारडं दुसरीकडे झुकतं. नाना १७ वर आले त्या दिवशी प्रत्यारोपण केंद्राला दाखवून ठेवणं योग्य होतं. दारू सोडून १३ वर उतरले, तर थांबून पाहणंही तितकंच योग्य. पोटातलं पाणी औषधांना दाद देत नसेल किंवा डोक्यावर वारंवार परिणाम होत असेल, तर मात्र मेल्ड कमी दिसला तरी केंद्राचा सल्ला घ्यावा. या दोन गोष्टी मेल्ड मोजत नाही, आणि तिथे जुना चाइल्ड-प्यू अजून कामाला येतो.

दोन्ही आकडे यकृताच्या कॅन्सरबद्दल काही सांगत नाहीत. ए गटातल्या, पाच गुणांच्या रुग्णालाही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते. शिरा फुगल्यात का, हेही या आकड्यांतून कळत नाही.

घरात असा रुग्ण असेल तर फाइलवरच्या आकड्यापुढे तारीख लिहून घ्या, आणि त्याआधीच्या दोन-तीन तपासण्यांचे रिपोर्ट सोबत ठेवा. बारा गुण चौदावरून आले की नऊवरून, यावर डॉक्टरांचा निर्णय बदलतो. दुखण्यावरची गोळी विचारल्याशिवाय देऊ नका. पाचव्या खुणेची नोंद तर घरच्यांशिवाय कोणीच करू शकत नाही. दिवसा पेंग, हिशेबात चूक, विचित्र वागणं दिसलं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.